कॅमेऱ्याच्या कार्डातले मोठे फोटो व्हॉट्सॲपवर कसे पाठवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची फोटो प्रिंटिंगची लॅब आहे. लग्नसराई आणि सणासुदीला रोज कुणी ना कुणी अल्बमसाठी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं, आणि त्यातले निम्मे छापायच्या लायकीचे राहिलेले नसतात. कॅमेरा चांगला असतो, फोटोही चांगला असतो, बिघडतं ते पाठवताना. फोनवर आणि काउंटरवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात अगदी पहिल्या पायरीपासून आहे. ज्यांना पाठवण्याची पद्धतच हवी आहे त्यांनी थेट प्रश्न ५ वर जावं.

१. कॅमेऱ्यातलं कार्ड फोनला जोडायला काय लागतं?

एक कार्ड रीडर. मोबाइलच्या दुकानात "टाइप-सीचा एसडी कार्ड रीडर द्या" म्हटलं की मिळतो. घेताना त्याला मोठ्या एसडी कार्डाची खाच आहे ना, ते डोळ्यांनी बघून घ्या. फक्त मोबाइलच्या बारक्या मायक्रोएसडी कार्डाची खाच असलेले रीडरही मिळतात, आणि ते घरी आणल्यावर कॅमेऱ्याचं कार्ड त्यात बसत नाही. फोन जुना असून त्याला टाइप-सी नसेल तर कार्डासोबत फोनही दुकानात न्या आणि लावून बघा.

कार्ड काढण्याआधी कॅमेरा बंद करा. पाठोपाठ बरेच फोटो काढले असतील तर कॅमेऱ्यावरचा छोटा लाल किंवा हिरवा दिवा विझेपर्यंत थांबा, कारण तो पेटलेला असताना कॅमेरा अजून कार्डावर लिहीत असतो. मग कार्ड ओढायचं नाही, बोटाने आत दाबायचं. स्प्रिंगमुळे ते आपसूक बाहेर येतं.

२. रीडर लावला, पण फोनवर काहीच येत नाही. कार्ड गेलं का?

बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये बाहेरचं साधन ओळखण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असते. फोनच्या सेटिंगमध्ये वरच्या शोधपट्टीत `OTG` टाइप करा आणि आलेलं बटण चालू करा. असे बरेचसे फोन थोडा वेळ वापर झाला नाही की ते बटण पुन्हा आपणहून बंद करतात. त्यामुळे "काल चालत होतं, आज नाही" असं झालं तर पहिल्यांदा तिथेच बघा.

दुसरं कारण कार्डाच्या आकारात असतं. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅट नावाच्या पद्धतीने आखलेली असतात आणि काही जुन्या फोनना ती वाचता येत नाही. अशा वेळी फोन "कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा" असं सुचवतो. तिथे होकार देऊ नका, सगळे फोटो जातील. कार्ड काढा, परत कॅमेऱ्यात घाला आणि फोटो दिसतात का ते पाहा. दिसत असतील तर कार्ड शाबूत आहे. फक्त त्या फोनला ते कळत नाही, मग कॉम्प्युटरचा मार्ग धरा. तो प्रश्न ९ मध्ये आहे.

३. कार्ड उघडलं तर आत चार-पाच फोल्डर आहेत. फोटो कशात असतात?

`DCIM` मध्ये. कॅमेरा कोणत्याही कंपनीचा असो, फोटोचं फोल्डर याच नावाचं असतं. त्याच्या आत तीन आकड्यांनी सुरू होणारं आणखी एक फोल्डर सापडेल, उदाहरणार्थ कॅननचं `100CANON` किंवा सोनीचं `100MSDCF`. फोटो त्यात असतात. `PRIVATE`, `MISC` वगैरे नावांची फोल्डरं कॅमेऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी केलेली असतात, काही कॅमेरे व्हिडिओही तिथेच ठेवतात. त्यांना हात लावू नका. "नको असलेलं" म्हणून ती पुसून टाकणारे लोक आम्ही पाहिलेत.

अँड्रॉइड फोनवर Files by Google हे ॲप असेल तर ते उघडून खाली जाल तसं साठवणुकीच्या यादीत जोडलेलं कार्ड दिसतं. सॅमसंगमध्ये हेच काम My Files करतं.

एकाच फोटोच्या दोन फाइल दिसत असतील, एक `.JPG` आणि दुसरी `.ARW`, `.NEF` किंवा `.CR3`, तर गोंधळू नका. पाठवायची ती `.JPG`. दुसरीचं काय करायचं ते प्रश्न ११ मध्ये पाहा.

४. कार्डावरूनच थेट पाठवले तर चालतील ना? कॉपी करायचा कंटाळा येतो.

चालतात, पण आम्ही नको म्हणतो. अपलोड चालू असताना रीडर जरा हलला की जोडणी तुटते. रीडर नुसताच लटकत असेल तर ते हमखास होतं. मग काही फोटो गेलेले, काही अर्धवट, आणि कुठले गेले ते शोधत बसायचं.

`DCIM` मधल्या फोल्डरमध्ये एका फोटोवर बोट दाबून धरा. तो निवडला गेला की बाकीच्यांवर नुसतं टिचकी मारत जा. मग कॉपीचा पर्याय निवडून फोनमध्ये एक नवं फोल्डर करा आणि त्यात टाका. नाव ओळखीचं ठेवा, "साखरपुडा" वगैरे, पुढच्या पायरीत शोधायला सोपं जातं. कॉपीच करा, मूव्ह नको. मूव्ह केलं की फोटो कार्डावरून निघून जातात, आणि मध्येच काही अडलं तर दुसरी प्रत उरत नाही.

फोनमध्ये जागा किती लागेल याचा हिशोब करताना फोटोंच्या आकाराच्या दुप्पट धरा. अँड्रॉइडवर फाइल म्हणून पाठवलेल्या फोटोची एक प्रत व्हॉट्सॲप स्वतःच्या फोल्डरमध्येही ठेवतं. ४०० एमबीचे फोटो असतील तर ८०० एमबी मोकळे हवेत.

५. मग व्हॉट्सॲपवर नेमकं कुठे दाबायचं?

चॅट उघडा. खाली टाइप करायच्या पट्टीत पेपर क्लिपचं चिन्ह आहे, ते दाबा. आलेल्या पर्यायांत `Gallery` वर जाऊ नका, `Document` निवडा. सगळी मेख इथे आहे. फोन मराठीत असेल तर हेच बटण मराठी नावाने दिसेल, चिन्ह कागदाचं असतं.

पुढच्या पानावर फोनमधल्या फाइल शोधायचा पर्याय येतो. तो उघडून मघाचं "साखरपुडा" फोल्डर गाठा. पहिल्या फोटोवर बोट दाबून धरा, मग बाकीचे निवडा आणि पाठवा. नव्या आवृत्त्यांमध्ये `Document` च्या पानावरच गॅलरीतून निवडायची सोयही दिसते. या वाटेने आत आला असाल तर तिथून निवडलेला फोटोही मूळ फाइल म्हणूनच जातो.

एका दमात शंभर फोटो टाकू नका. दहा-दहाचे गठ्ठे करा. मध्ये काही अडकलं तर कुठला गठ्ठा राहिला ते लगेच कळतं.

आकाराची चिंता नको. व्हॉट्सॲपवर २०२२ पासून एक फाइल २ जीबीपर्यंत जाते, आणि कॅमेऱ्याचा मोठ्यात मोठा जेपीजी फोटोही त्याच्या आसपाससुद्धा नसतो.

६. पण गॅलरीतून साधा फोटो पाठवला तर बिघडतं काय? मोबाइलवर तर छान दिसतो.

मोबाइलवर छानच दिसतो, म्हणून तर फसगत होते. एका साखरपुड्याचं उदाहरण देतो. ३८ फोटो होते, कॅमेरा २४ मेगापिक्सलचा. म्हणजे प्रत्येक फोटो आडवा ६००० आणि उभा ४००० ठिपक्यांचा, फाइल साधारण १० एमबीची. गिऱ्हाइकाने ते गॅलरीतून पाठवले. आमच्याकडे पोचले तेव्हा प्रत्येक फोटो १६०० बाय १०६७ ठिपक्यांचा झाला होता आणि फाइल तीनशे केबीच्या आसपास. ठिपके मोजले तर मूळच्या चौदाव्या भागाइतके उरले होते. व्हॉट्सॲप नेट आणि जागा वाचावी म्हणून हे करतं, आणि रोजच्या "जेवलास का" सोबत जाणाऱ्या फोटोसाठी ते बरोबरही आहे.

अल्बमचं पान होतं १२ बाय १८ इंचांचं. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे १८ इंचांना ५४००. मूळ फोटोत ६००० होते, आरामात पुरले असते. आलेल्या फोटोत १६०० होते, म्हणजे इंचाला जेमतेम ८९.

मुलीच्या आईचा एक जवळून घेतलेला फोटो त्यात होता. मूळ फोटोत नथ ३०० ठिपके रुंद होती, मोती वेगवेगळे मोजता येत होते. आमच्याकडे आलेल्या फोटोत तीच नथ ८० ठिपक्यांत बसवलेली. छापून पाहिलं तर मोत्यांचा एक पांढरट पुंजका झाला होता आणि पैठणीच्या काठातली जर पिवळ्या रंगाच्या फराट्यासारखी दिसत होती. एकदा गेलेले ठिपके परत आणता येत नाहीत. सॉफ्टवेअरने फोटो मोठा करता येतो, पण नथीत मोती किती होते हे त्याला ठाऊक नसतं. फोटो पुन्हा मागवले, `Document` मधून आले, अल्बम व्यवस्थित झाला. कार्ड तोवर पुसलं नव्हतं म्हणून निभावलं. याबद्दल शेवटच्या प्रश्नात.

७. वर `HD` चं बटण असतं ना? ते दाबलं तर?

फरक पडतो. `HD` ने फोटो साध्यापेक्षा बराच मोठा जातो आणि ४ बाय ६ इंचाच्या साध्या प्रिंटसाठी तेवढा पुरतो. पण त्यातही फोटो दाबला जातोच, मूळ फाइल जशीच्या तशी जात नाही. अल्बम, फ्रेम, फ्लेक्स यांतलं काहीही असेल तर `HD` वर समाधान मानू नका. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये अपलोडचा दर्जा कायमचा `HD` करून ठेवता येतो, त्यालाही हेच लागू.

८. पोचलेला फोटो मूळच आहे की दाबलेला, हे कसं ओळखू?

नावावरून. कॅमेरा फोटोला `DSC01234.JPG` किंवा `IMG_1234.JPG` अशी नावं देतो. `Document` मधून पाठवला तर समोरच्याकडे हेच नाव दिसतं आणि शेजारी किती एमबी तेही लिहून येतं. अँड्रॉइड फोनवर गॅलरीतून आलेल्या फोटोचं नाव मात्र असं असतं:

```
IMG-20250112-WA0007.jpg
```

नावात `WA` दिसलं की समजा, फोटो दाबून आलाय. तो पुढे `Document` म्हणून पाठवला तरी काही सुधारत नाही, दाबलेलाच फोटो जपून पोचतो एवढंच. हा घोळ फार होतो. मुंबईच्या भाच्याने फोटो काढले, ग्रुपवर टाकले, मामांनी ते ग्रुपवरून उतरवून आम्हाला "डॉक्युमेंट करून" पाठवले. मामांची पायरी बरोबर होती, पण मूळ फोटो भाच्याच्या कार्डातच राहिले.

९. कॉम्प्युटर असेल तर?

तर उत्तम, मोठ्या कामासाठी आम्ही तोच सांगतो. बऱ्याच लॅपटॉपना एसडी कार्डाची खाच असतेच. कार्ड घाला, `DCIM` उघडा, हवे ते फोटो डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये कॉपी करा. मग ब्राउझरमध्ये `web.whatsapp.com` उघडा. फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये `Linked devices` मध्ये जाऊन स्क्रीनवरचा चौकोनी कोड स्कॅन केला की तुमचे चॅट कॉम्प्युटरवर येतात. पुढे प्रश्न ५ सारखंच, फक्त पेपर क्लिपच्या जागी अधिकचं चिन्ह असतं. `Document` तेच.

इथे एक खड्डा आहे. फोटो माउसने ओढून चॅटवर सोडले की ते बहुधा साधे फोटो म्हणूनच जातात. ओढायची सवय असेल तर ती या कामापुरती बाजूला ठेवा.

कार्ड घातल्यावर विंडोजने "ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा" असं विचारलं तर `Cancel`. का ते प्रश्न २ मध्ये आलंय. काम झाल्यावर कार्ड उपटायचं नाही, आधी `Eject` करायचं.

१०. अपलोड तासन् तास फिरत राहतं. नेट तर फास्ट आहे!

फास्ट असतं ते उतरवून घेण्याचं नेट. पाठवण्याचा वेग वेगळा असतो आणि मोबाइल नेटवर तो बराच कमी असतो. वरचेच ३८ फोटो घ्या, ३८० एमबी. पाठवण्याचा वेग १० एमबीपीएस असेल तर पाच मिनिटं लागतील. तो २ एमबीपीएस असेल, आणि गावाकडे संध्याकाळी असतोच, तर पंचवीस मिनिटं. एमबीपीएसमधलं एमबी म्हणजे मेगाबिट, फाइलचं एमबी म्हणजे मेगाबाइट. एका बाइटात आठ बिट, म्हणून आकडा दिसतो त्यापेक्षा वेळ आठपट लागतो.

घरचं वाय-फाय असेल तर तेच वापरा. फोन चार्जिंगला लावा, व्हॉट्सॲप उघडं ठेवा आणि स्क्रीन बंद होऊ देऊ नका. बॅटरी वाचवणारी सेटिंग मागे गेलेल्या ॲपचं काम थांबवतात.

"झिप करून पाठवू का, म्हणजे लहान होईल?" असंही विचारतात. जेपीजी मुळातच दाबलेला असतो, झिपने आकार जवळजवळ कमी होत नाही. पण सगळे फोटो एका फाइलीत बांधले जातात, हा फायदा खरा आहे. मात्र नेट डळमळीत असेल तर झिप नको. एका मोठ्या फाइलीपेक्षा दहा-दहाचे गठ्ठे बरे.

११. `.ARW`, `.NEF`, `.CR3` या फाइल पाठवू का?

आम्ही मागितल्या तरच. या कच्च्या फाइल आहेत, अनुक्रमे सोनी, निकॉन आणि कॅननच्या. `Document` मधून त्या जातात, पण प्रत्येकीचा आकार जेपीजीच्या काही पट असतो आणि साध्या फोनवर त्या उघडत नाहीत. कार्डावर फक्त कच्च्याच फाइल असतील तर कॅमेऱ्यातच जेपीजी बनवता येतो. बऱ्याच कॅनन आणि निकॉन कॅमेऱ्यांत फोटो बघायच्या किंवा सुधारायच्या मेनूत ही सोय असते. बनलेला जेपीजी त्याच कार्डावर साठतो, मग पुन्हा प्रश्न ३ पासून.

१२. मी कार्ड काढतच नाही, कॅमेऱ्याच्या वाय-फाय ॲपने फोटो फोनवर घेतो आणि `Document` म्हणून पाठवतो. तरी तुम्ही "लहान आहे" म्हणता?

कारण तो फोनवर येतानाच लहान झालेला असतो. निकॉनचं स्नॅपब्रिज आपणहून जे फोटो फोनवर आणतं ते २ मेगापिक्सलचे असतात. २४ चे थेट २! इतर कंपन्यांच्या ॲपमध्येही आकार निवडायची सेटिंग असते. ती मूळ आकारावर आहे का ते बघा. नावात `WA` नसतं, त्यामुळे प्रश्न ८ ची खूण इथे चालत नाही. फोटोच्या माहितीत जाऊन किती बाय किती ठिपके आहेत तेच पाहावं लागतं.

१३. आयफोनवर `Document` कुठे आहे?

चॅटमध्ये अधिकच्या चिन्हाखाली. आयफोन १५ पासून टाइप-सी आहे, तिथे तोच रीडर चालतो. त्याआधीच्या फोनना लाइटनिंगचा वेगळा रीडर लागतो. कार्ड लावलं की ते `Files` ॲपमध्ये दिसतं. फोटो तिथून फोनमध्ये कॉपी करा आणि `Document` मधून पाठवताना फाइलमधूनच निवडा.

१४. आत्याला फोटो पाठवले, ती म्हणते गॅलरीत येतच नाहीत.

फाइल म्हणून गेलेले फोटो बहुतेक फोनवर गॅलरीत आपोआप येत नाहीत. आत्याला सांगा, चॅटमध्ये त्या फाइलवर टिचकी मार, उतरली की उघडेल, मग वरच्या पर्यायांतून सेव्ह कर. नातेवाइकांना नुसते बघायचे असतील तर खरं तर त्यांना साधे फोटोच पाठवा. दहा एमबीची फाइल उतरवून घ्यायला आत्याचा दिवसाचा डेटा कशाला खर्ची घालायचा?

एक लक्षात ठेवा. मूळ फाइलसोबत फोटो कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने, आणि कॅमेरा फोनशी जोडून ठिकाणाची नोंद चालू ठेवली असेल तर कुठे काढला, हेही जातं. घरी काढलेले लहान मुलांचे फोटो मोठ्या ग्रुपवर टाकताना ते साधे पाठवलेलेच बरे.

१५. पाठवून झाले. आता कार्ड रिकामं करू?

दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणून नाही. त्या खुणा मेसेज बघितला एवढंच सांगतात, फाइल उतरवून घेतली असं नाही. समोरच्याकडून "३८ आले, सगळे उघडतात" असा आकड्यासह निरोप घ्या. शिवाय एक प्रत लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा, कारण चॅट हे साठवायचं ठिकाण नव्हे. समोरच्याने बरेच दिवस फाइल उतरवलीच नाही तर ती पुन्हा पाठवायची वेळ येते.

त्यानंतर कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्याच्या मेनूतूनच फॉरमॅट करा, फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून नको. कॅमेऱ्याला लागणारी फोल्डरं तो स्वतः नीट आखून घेतो. आणि कार्डाच्या डाव्या कडेची बारीक लॉकची पट्टी खाली सरकलेली असेल तर फॉरमॅट होणार नाही, फोटोही निघणार नाहीत. रीडरमध्ये घालता-काढताना ती नकळत सरकते आणि पुढच्या कार्यक्रमात ऐन मुहूर्ताला कॅमेरा अडून बसतो, त्यामुळे कार्ड परत घालताना ती एकदा वर करून घ्या.